बिलावरचं शून्य नेमकं कुठलं?

सांगलीत फरसाण बनवणारी एक भागीदारी संस्था आहे असं समजू. जीएसटी नोंदणी आहे, तयार झालेला सगळा माल कर लावून विकला जातो. लातूरच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून ट्रक आला आहे. त्यात चणाडाळीची 50 किलोची 200 पोती, मिठाची तशीच 20 पोती आणि खाद्यतेलाचे 15 किलोचे 200 डबे आहेत. ट्रकसोबत दोन कागद आले: व्यापाऱ्याचं मालाचं बिल आणि ट्रान्सपोर्टवाल्याचं भाड्याचं बिल. मालाच्या बिलात दोन ओळींपुढे कराच्या रकान्यात शून्य आहे. भाड्याच्या बिलात तर सगळीकडेच शून्य आहे, आणि तळाशी छापील ओळ आहे की जीएसटी माल घेणाऱ्याने रिव्हर्स चार्जखाली भरायचा.

हिशेब लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही सगळी शून्यं दिसायला सारखी असली तरी त्यांच्या नोंदी वेगळ्या होतात. काही शून्यांचा अर्थ ‘इथे कर नाहीच’ असा असतो. काहींचा अर्थ ‘कर आहे, पण तो तुम्ही भरा’ असा असतो. पहिल्या प्रकारात विवरणपत्रातल्या एका माहितीच्या रकान्यात रक्कम लिहिली की काम संपतं. दुसऱ्यात बँकेतून पैसे काढून सरकारजमा करावे लागतात, आणि विसरलं तर वर्षाला 18 टक्के दराने व्याज लागतं. त्यामुळे शून्य दिसलं की ते कुठून आलं, हे आधी शोधायचं.

मालाच्या बिलापासून सुरुवात करू, कारण ते सोपं आहे. चणाडाळ 10,000 किलो, 70 रुपये दराने 7,00,000 रुपये, कर शून्य. मीठ 10,000 रुपयांचं, कर शून्य. तेल 3,90,000 रुपयांचं, त्यावर 5 टक्के म्हणजे 19,500 रुपये. एकूण बिल 11,19,500 रुपये. डाळीवरचं शून्य वस्तूपेक्षाही तिच्या बांधणीमुळे आलं आहे. 18 जुलै 2022 पासून डाळी, तांदूळ, पीठ असा माल आधीच पॅक करून, लेबल लावून किरकोळ विक्रीसाठी 25 किलोपर्यंतच्या पाकिटांत आला तर त्यावर 5 टक्के कर आहे. सुट्टा किंवा त्याहून मोठ्या पोत्यात आला तर माफ. म्हणजे याच व्यापाऱ्याने हीच डाळ एक किलोच्या छापील पाकिटांत पाठवली असती, तर त्याच ओळीपुढे 5 टक्के दिसले असते. मिठाला ही अट नाही, ते कसंही आलं तरी माफ आहे. म्हणून ओळ वाचताना वस्तूच्या नावाबरोबर बांधणीचा आकारही वाचावा. हिशेबनीस बहुतेक वेळा एचएसएन क्रमांक बघून थांबतो. पण डाळीचा एचएसएन पोत्याचा आणि पाकिटाचा एकच असतो, तेव्हा तिथे थांबून भागत नाही.

नोंद अशी होईल: करमाफ खरेदी खात्यावर 7,10,000 रुपये नावे, 5 टक्के खरेदी खात्यावर 3,90,000 नावे, इनपुट सीजीएसटी 9,750 नावे, इनपुट एसजीएसटी 9,750 नावे आणि व्यापाऱ्याच्या खात्यात 11,19,500 जमा. जीएसटीआर-3बी भरताना 7,10,000 हा आकडा तक्ता 5 मध्ये, म्हणजे करमाफ आणि शून्य दराच्या खरेदीच्या ओळीत जातो. तिथे कर भरायचा नसतो, नुसती माहिती द्यायची असते. या ओळीत करमाफ, शून्य दर आणि कंपोझिशन योजनेतल्या विक्रेत्याकडची खरेदी असं सगळं एकत्रच विचारलं आहे. त्यामुळे खरेदीच्या बाजूने ‘शून्य दराचं की माफ केलेलं’ या चर्चेत वेळ घालवण्यात अर्थ नाही. तो भेद विक्री करणाऱ्याला जीएसटीआर-1 मध्ये दाखवावा लागतो. डिझेल-पेट्रोलची बिलं मात्र वेगळी ठेवा. ते जीएसटीच्या बाहेरच आहेत आणि त्यांना याच तक्त्यात स्वतंत्र ओळ आहे.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे सगळी खरेदी एकाच खात्यात टाकून सॉफ्टवेअरला 5 टक्के काढायला सांगणं. मग 11,00,000 वर 55,000 रुपये इनपुट निघतं, प्रत्यक्षात कर भरलेला आहे 19,500. जास्तीचे 35,500 रुपये क्रेडिट म्हणून घेतले जातात. ही चूक पकडणं मात्र सोपं आहे: पोर्टलवरच्या जीएसटीआर-2बी मध्ये विक्रेत्याने भरलेलं बिल दिसतं, त्यात कर 19,500 च असतो. बिलागणिक ताळा घेतला की त्याच महिन्यात फरक कळतो.

आता भाड्याचं बिल. खरी गुंतागुंत इथे आहे. टनाला 2,000 रुपये दराने 14 टनांचे 28,000 रुपये. डाळीची बिल्टी 20,000 रुपयांची, मिठाची 2,000 ची, तेलाची 6,000 ची. तिन्हींवर कर शून्य आणि तळाशी ती छापील ओळ. ट्रान्सपोर्टवाल्याने बिलबुक छापून घेतानाच ती टाकलेली असते. डाळ नेली, लोखंड नेलं की घरसामान नेलं, ती सगळ्या बिलांवर असते. ती ओळ वाचून 28,000 वर 5 टक्के म्हणजे 1,400 रुपये भरणारे हिशेबनीस भरपूर आहेत. शून्य बघून काहीच न भरणारेही तितकेच आहेत. या बिलापुरते दोघंही चुकलेले आहेत.

छापील ओळ म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याचं म्हणणं. कर कोणी भरायचा हे सरकारच्या अधिसूचनेने ठरतं. 28 जून 2017 च्या 13/2017 या केंद्रीय कर (दर) अधिसूचनेत रिव्हर्स चार्जच्या सेवांची यादी आहे, आणि त्यात रस्त्याने माल नेणारी एजन्सी पहिली आहे. पण त्याच दिवशीच्या 12/2017 या अधिसूचनेत काही मालाची वाहतूक करमाफ आहे: शेतमाल, दूध, मीठ, आणि पीठ, डाळी व तांदूळ धरून अन्नधान्य. सेवाच माफ असेल तर ती रिव्हर्स चार्जमध्येही येत नाही. जो कर मुळात नाही तो कोणाच्या अंगावर ढकलायचा? म्हणून डाळीचं 20,000 रुपये भाडं आणि मिठाचं 2,000 रुपये भाडं माफ. राहिलं तेलाचं 6,000. त्यावर 5 टक्के, म्हणजे 300 रुपये. तेल खाण्याचं आहे म्हणून त्याचं भाडं माफ होत नाही, कारण खाद्यतेल त्या यादीत नाही.

एक जुनी सवय अजून अनेक ठिकाणी दिसते. पूर्वी एका गाडीचं भाडं 1,500 रुपयांपर्यंत किंवा एका माल घेणाऱ्यामागे 750 रुपयांपर्यंत असेल तर कर माफ होता. छोट्या बिल्ट्या त्या नावाखाली सोडून दिल्या जात. ही सवलत 18 जुलै 2022 पासून गेली. आता भाडं 400 रुपयांचं असलं तरी माल यादीतला नसेल तर रिव्हर्स चार्ज लागतो.

आपल्या उदाहरणात तीन बिल्ट्या वेगळ्या आहेत म्हणून हिशेब स्वच्छ झाला. एकाच बिल्टीवर ‘डाळ, तेल, मीठ – भाडे 28,000’ असं लिहून आलं असतं तर? माझा सल्ला असा की ट्रान्सपोर्टवाल्याकडून भाडं मालागणिक फोडून घ्यावं. टनाचा दर ठरलेला असेल तर त्याला ते दोन मिनिटांचं काम आहे. पैसे देण्याआधी मागितलं तर तो लगेच देतो. पैसे गेल्यावर सहा महिन्यांनी मागितलं तर मिळत नाही. फोडच नसेल तर सगळ्या भाड्यावर कर भरणं हा जास्त सुरक्षित मार्ग.

आता या 300 रुपयांची नोंद. भाड्याचे 28,000 रुपये खर्च खात्यावर नावे आणि ट्रान्सपोर्टवाल्याच्या खात्यात जमा, हे नेहमीप्रमाणे. त्याला द्यायची रक्कम 28,000 च राहते. वेगळी जर्नल नोंद करायची: इनपुट सीजीएसटी (आरसीएम) 150 नावे, इनपुट एसजीएसटी (आरसीएम) 150 नावे, देय सीजीएसटी (आरसीएम) 150 जमा, देय एसजीएसटी (आरसीएम) 150 जमा. ही देणी विक्रीवरच्या कराच्या देण्यात मिसळायची नाहीत, स्वतंत्र खाती ठेवायची. कारण रिव्हर्स चार्जचा कर इनपुट क्रेडिटमधून भरता येत नाही, तो चलनाने रोखच भरावा लागतो. तुमच्या क्रेडिट खात्यात लाखभर रुपये पडून असले तरी हे 300 रुपये बँकेतून जाणार. देणी एकत्र केली की सॉफ्टवेअर ती क्रेडिटमधून वळती करून दाखवतं आणि पोर्टलवर पैसे कमी पडतात. विवरणपत्रात 6,000 रुपये मूल्य आणि 300 रुपये कर 3.1(d) मध्ये दाखवायचा आणि त्याच महिन्यात 4(A)(3) मध्ये तेवढंच क्रेडिट घ्यायचं. माफ भाड्याचे 22,000 रुपये तक्ता 5 मध्ये डाळ-मिठाच्या रकमेबरोबर जातात.

मग पैसे भरले आणि लगेच परत घेतले, तर इतकी यातायात कशासाठी, असा प्रश्न येतोच. फरसाणवाल्याच्या बाबतीत तो काही अंशी रास्त आहे, कारण त्याचा सगळा माल करपात्र आहे. पण 5 टक्के कर लावणारं साधं हॉटेल असेल तर त्याला इनपुट क्रेडिट मिळत नाही. त्याने तेलाच्या भाड्यावर भरलेले 300 रुपये खर्चातच जातात. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराचंही तसंच. आणि फरसाणवाल्यानेच उद्या पोत्यातली डाळ तशीच विकायला सुरुवात केली, तर त्याची विक्री काही करपात्र, काही माफ अशी होते आणि सामाईक क्रेडिटचा काही भाग उलटवावा लागतो. म्हणून ‘इनपुट नावे’ ही ओळ लिहिण्याआधी पुढे विकलं काय जाणार आहे हे बघायचं. क्रेडिट मिळत नसेल तर ती रक्कम भाडेखर्चातच नावे पडते.

रिव्हर्स चार्जच्या बिलावर आणखी तीन गोष्टी वाचायच्या असतात. पहिली, भाडं कोण देणार. बिल्टीवर ‘टू पे’ असेल तर भाडं माल घेणारा देतो आणि करही त्याच्याकडे येतो. ‘पेड’ असेल तर पाठवणाऱ्याने भाडं भरलेलं असतं. कर त्याने भरायचा, फरसाणवाल्याच्या वहीत काहीच येत नाही. लातूरच्या व्यापाऱ्याने स्वतः ट्रान्सपोर्टला पैसे देऊन ते आपल्या मालाच्या बिलात ‘भाडे’ म्हणून लावले, तर ते मालाच्या किमतीचाच भाग होतं आणि मालाचा दर त्याला लागतो.

दुसरी, ट्रान्सपोर्टवाल्याने स्वतःच कर लावला आहे का. नोंदणी असलेली एजन्सी सरळ पद्धतीने कर भरण्याचा पर्याय घेऊ शकते: 5 टक्के, स्वतःचं क्रेडिट न घेता, किंवा 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के, क्रेडिट घेऊन, त्याआधी हा दुसरा दर 12 टक्के होता. अशा बिलावर कर दिसतो आणि आपण त्या आर्थिक वर्षासाठी स्वतः कर भरण्याचा पर्याय घेतल्याचं निवेदनही असतं. ते असेल तर रिव्हर्स चार्ज लावायचा नाही, बिलात दिसणारं क्रेडिट घ्यायचं. बिलावर कर लावलेला आहे आणि तळाशी जुनी छापील ओळही राहिली आहे, असं सापडलं तर निवेदन मागून घ्या. नाहीतर एकाच भाड्यावर दोनदा कर जातो.

तिसरी, बिल्टी आहे का. गावातल्या टेम्पोवाल्याने बिल्टी न करता माल आणून टाकला आणि साध्या पावतीवर पैसे घेतले, तर तो कायद्याच्या अर्थाने वाहतूक एजन्सी ठरत नाही. त्याचं भाडं माफ आहे, माल कुठलाही असो. टेम्पोच्या पावत्यांवर रिव्हर्स चार्ज भरत बसण्याचं कारण नाही.

सीजीएसटी-एसजीएसटी की आयजीएसटी, हे ट्रकच्या मार्गावरून ठरवण्याची सवय आहे, आणि ती चुकीची आहे. नोंदणीकृत ग्राहकाला दिलेल्या वाहतूक सेवेचं ठिकाण ग्राहकाचं ठिकाण धरतात. आपला ट्रान्सपोर्टवाला लातूरचा, ग्राहक सांगलीचा, म्हणून 150 अधिक 150. तोच माल, तोच रस्ता, पण ट्रान्सपोर्ट कंपनी कर्नाटकातल्या बिदरची असती तर 300 रुपये आयजीएसटी झाला असता. बिलाच्या डोक्यावरचा पत्ता आणि जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघायचे; महाराष्ट्राचे 27, कर्नाटकाचे 29.

क्रमांकच नसेल तर? फक्त रिव्हर्स चार्जची सेवा देणाऱ्याला नोंदणी घेण्याचं बंधन नाही, त्यामुळे अनेक लहान ट्रान्सपोर्टवाल्यांकडे जीएसटी क्रमांक नसतो. तेव्हा बिल करण्याची जबाबदारी ग्राहकावर येते. फरसाणवाल्याने स्वतःच्या नावाने सेल्फ-इन्व्हॉइस करायचं, आणि 1 नोव्हेंबर 2024 पासून ते सेवा मिळाल्यापासून 30 दिवसांत करायचं आहे. पैसे देताना पेमेंट व्हाउचरही करायचं. असा व्यवहार जीएसटीआर-2बी मध्ये कधीच दिसत नाही, कारण समोरच्याने काही भरलेलंच नसतं. नोंदणी असलेल्याचं रिव्हर्स चार्जचं बिल तिथे दिसतं आणि तिथून आपोआप 3बी मध्येही येतं. म्हणून पोर्टलवर आलं तेवढंच रिव्हर्स चार्ज, असं मानणाऱ्याच्या हातून नोंदणी नसलेल्यांची सगळी भाडी सुटतात.

सुटलेलं भाडं उशिरा सापडलं तर काय होतं, हे दोन बाजूंनी वेगळं आहे. नोंदणी नसलेल्याच्या बाबतीत सेल्फ-इन्व्हॉइस ज्या वर्षी केलं ते वर्ष क्रेडिटसाठी धरतात, असं 26 जून 2024 च्या परिपत्रकाने स्पष्ट केलं आहे. व्याज आणि उशिराचा दंड लागू शकतो, पण क्रेडिटची वाट उघडी राहते. नोंदणी असलेल्या ट्रान्सपोर्टवाल्याचं बिल सुटलं तर क्रेडिटची मुदत त्याच्या बिलाच्या वर्षानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंतच असते. ती गेली की कर भरावा लागतो, व्याज भरावं लागतं आणि क्रेडिटही मिळत नाही. ‘शेवटी शून्यच होतं’ हे म्हणणं तिथे टिकत नाही.

ज्या व्यवहारात बिलच नसतं, तो सगळ्यात सहज सुटतो. 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्या मालकाची व्यापारी जागा नोंदणीकृत व्यक्तीने भाड्याने घेतली तर 18 टक्के रिव्हर्स चार्ज लागतो. कंपोझिशनवाल्यांना यातून पुढे सूट मिळाली. फरसाणवाल्याचं दुकान महिना 20,000 रुपये भाड्याचं असेल आणि घरमालक काका नोंदणीत नसतील, तर दर महिन्याला 3,600 रुपये. काका बिल देत नाहीत, भाडं बँकेतून परस्पर जातं, आणि ‘रिव्हर्स चार्ज’ हा शब्द कुठल्याच कागदावर येत नाही. वकिलाच्या फीचंही तसंच, तीही 18 टक्क्यांनी रिव्हर्स चार्जमध्ये येते. सीएची फी मात्र येत नाही, तिथे सीएच कर लावतो.

म्हणून महिनाअखेरीला बिलं चाळण्याबरोबर खर्चाची खाती उघडून बघावीत. वाहतूक खात्याची बेरीज घ्या आणि तिचे तुकडे पाडा: माफ माल, बिल्टी नसलेली टेम्पोभाडी, ट्रान्सपोर्टवाल्याने स्वतः कर लावलेली भाडी, आणि रिव्हर्स चार्ज. चारांची बेरीज खात्याच्या बेरजेइतकी आली पाहिजे, आणि शेवटचा तुकडा, जागाभाडं आणि वकिलाची फी मिळून 3.1(d) मधल्या रकमेइतकी. सांगलीच्या या महिन्यात फक्त लातूरचा ट्रक आणि दुकानाचं भाडं असेल, तर वाहतूक खातं 28,000 = 22,000 + 0 + 0 + 6,000, आणि 3.1(d) मध्ये 26,000 रुपयांवर 3,900 रुपये कर. तिथे 6,000 रुपयेच दिसत असतील तर काकांचं भाडं राहून गेलं आहे, आणि सेल्फ-इन्व्हॉइसचे 30 दिवस अजून संपलेले नाहीत.